जोड्या चुकल्या नाहीत, प्रश्नच चुकलाय

«जोड्या जुळवा. मकरसंक्रांत – उत्तरायण सुरू, दिवस मोठा होऊ लागतो, याच दिवशी पानिपत. रमजान ईद – उन्हाळा. पतेती – पावसाळा. वल्हांडण व नाताळ – फक्त इतिहास. पालकांनो, मुलांना समजावून सांगा : आपले सण निसर्गचक्रावर उभे आहेत, इतरांचे केवळ घटनांवर. ज्यांचा सण ऋतू सोडून भटकतो त्यांना शेतीची आणि ऋतूंची जाण नव्हती. पुढे पाठवा.»

ही कार्यपत्रिका पालकांच्या गटांतून फिरत फिरत माझ्या बहिणीकडे आली आणि भाच्याच्या शाळेत ती सोडवूनही घेतली गेली. पाचवीतल्या मुलाने ईदसमोर «दर वर्षी बदलते» असं लिहिलं, त्यावर लाल फुली पडली. बरोबर उत्तराला फुली मिळाली म्हणून हे लिहायला बसलो.

ईदपासूनच सुरुवात करतो, कारण विषारी भाग तिथेच आहे. २०२४ साली रमजान ईद ११ एप्रिलला होती, पुण्यात ऊन रणरणत होतं. २०१६ साली ती ७ जुलैला भर पावसाळ्यात आली. २००० साली तर जानेवारीतही आली आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा आली, दोन्ही वेळा थंडीत. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचं, म्हणजे ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. सौर वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दर वर्षी तितकाच मागे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात.

आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच आहेत. हाच अकरा दिवसांचा खड्डा आपल्याकडेही पडतो, पण साधारण ३३ महिन्यांनी अधिक महिना घालून आपण तो भरून काढतो, म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही. अरबांना ही युक्ती माहीत नव्हती का? होती. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढे ढकलण्याची पद्धत होती आणि कुराणातल्या तौबा या सूरेत ती नाव घेऊन बंद केली आहे : महिने बाराच, त्यात फेरफार नाही. सण फिरतो तो ऋतू कळत नव्हते म्हणून नाही. चंद्र तेवढा मोजायचा, असं जाणून ठरवलं म्हणून तो फिरतो.

आणि शेतीची जाण? त्याचा पुरावा पुण्यातच, पेशवे दफ्तरात आहे. त्यातल्या कागदांवर «इहिदे», «इसन्ने», «सलास» असे अरबी आकडे घातलेला शुहूर सन दिसतो. हा सन चौदाव्या शतकात मुसलमानी अमलात दख्खनेत रुळला, आणि तो चांद्र नाही, सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचं वर्ष बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतसारा पिकावर गोळा करायचा तर हिजरी वर्ष उपयोगाचं नाही, हे त्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सणांना चांद्र वर्ष आणि शेताला मृगाचं वर्ष. मराठ्यांनी तोच सन उचलला आणि पेशवाई संपेपर्यंत वापरला. पाचवीच्या मुलाला «त्यांना ऋतू कळत नव्हते» असं शिकवताना एवढं तरी आधी बघायला हवं होतं.

आता संक्रांत. इथे निम्मं खरं आहे, ते मान्य करतो. संक्रांत चंद्रावर नव्हे, सूर्यावर बांधलेली आहे, म्हणून ती इंग्रजी तारखेला जवळजवळ स्थिर राहते. पुण्यात सर्वांत उशिराचा सूर्योदयही जानेवारीच्या मध्याला होतो, त्यामुळे संक्रांतीनंतर सकाळ लवकर होते हा अनुभवही खोटा नाही. पण दिवस मोठा व्हायला लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. उत्तरायण तेव्हाच सुरू झालेलं असतं.

हे अंतर का पडलं? संक्रांत तारकांच्या संदर्भाने मोजतात, ऋतू मात्र सूर्याच्या अयनांवर चालतात. तारकांचं वर्ष किंचित लांब आहे, म्हणून सुमारे ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. हे माझं मत नव्हे. भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली होती. तिच्या १९५५ च्या अहवालात धार्मिक पंचांगं ऋतूंपासून २३ दिवसांनी ढळल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे आपला सणही ऋतू सोडून सरकतो आहे, फक्त इतका हळू की एका आयुष्यात लक्षात येत नाही.

हेच गणित पानिपतला लावा. १४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख पक्की आहे, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तेव्हापासून आजवर सुमारे २६५ वर्षं झाली. त्यांना ७२ ने भागलं की साडेतीन-पावणेचार दिवस येतात. तेवढं मागे गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेली होती. आजची संक्रांतीची तारीख मागे नेऊन त्या दिवसावर चिकटवली, एवढंच घडलंय. पुण्यात तर हे समजायला इतिहासही उघडावा लागत नाही. टिळक पंचांग तारकांचा आरंभबिंदू वेगळा धरतं, म्हणून त्याची संक्रांत आजही १० जानेवारीच्या सुमारास येते. एकाच गावात, एकाच वर्षी दोन संक्रांती. त्यांतली कोणती निसर्गाची, ते ही पत्रिका लिहिणाऱ्याने सांगावं.

पतेतीचं थोडक्यात. पारशांच्या शहेनशाही पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचं आहे आणि लीप दिवस नाही. चार वर्षांत एक दिवस असं शतकानुशतकं मागे येत वसंतातलं नववर्ष ऑगस्टमध्ये येऊन पोचलंय. पावसाशी त्याचा काही संबंध नाही. वसंतसंपाताचा जमशेदी नवरोज पारशी २१ मार्चला वेगळा पाळतातच.

वल्हांडण हा «फक्त इतिहास» कसा? इजिप्तमधून सुटका ही त्याची कथा, पण तो वसंतातच यावा असं ज्यूंच्या धर्मग्रंथात बंधन आहे, कारण तो सातूच्या कापणीचा महिना. त्यासाठी ज्यू पंचांग १९ वर्षांत सात अधिक महिने घालतं. आपलं प्रमाणही जवळपास तेच आहे. अधिक मास आपल्याकडे शास्त्र असेल तर पुण्याच्या कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही ते शास्त्रच आहे. नाताळची २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत नाही. चौथ्या शतकात रोममध्ये ती पाळली जात होती आणि रोमन पंचांगात हाच दिवस अयनाचा धरलेला होता. आकाशातल्या खऱ्या अयनदिनाला आज संक्रांतीपेक्षा नाताळ जवळचा आहे. मोहरमची आशुरा इतिहासाच्या रकान्यात टाकायला माझी हरकत नाही, ६८० सालचं करबला हेच तिचं कारण लोक सांगतात. पण त्या रकान्यात १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षाही जाईल, आणि ती तर दसऱ्याच्या दिवशी झाली.

ही पत्रिका पुन्हा द्यायचीच असेल तर ऋतूचा रकाना काढा आणि «चंद्र», «सूर्य», «दोन्ही» असे तीन रकाने करा. घरातल्या पाच वर्षांच्या जुन्या दिनदर्शिका काढून ईद, दिवाळी, संक्रांत, पतेती आणि ईस्टर यांच्या तारखा मुलांना लिहून काढू द्या. ईद दर वर्षी मागे जाताना दिसेल, दिवाळी मागे येऊन अधिक महिन्यानंतर पुन्हा पुढे उडी मारताना दिसेल, संक्रांत १४-१५ वर थांबलेली दिसेल. आणि भाच्याच्या उत्तरावरची फुली खोडून तिथे बरोबरची खूण करा.