दुकानाचा कुत्रा 'तेज' करणाऱ्यांनो

आज लोहार चाळीत एका दुकानाबाहेर हातभर साखळीला बांधलेलं पिल्लू पाहिलं. जेमतेम पाच महिन्यांचं. दुकानातला पोऱ्या त्याला काठीने डिवचत होता आणि शेठ कौतुकाने सांगत होते, "तेज करतोय." डोकंच फिरलं. अहो, उद्या ते कुरिअरवाल्याची पोटरी धरेल तेव्हा कौतुक करा!

आमच्या रे रोडच्या वखारीत बंड्या होता. रात्री पत्र्यावर पाऊल वाजलं तरी गल्ली उठवायचा. दिवसा मात्र हमाल त्याच्या अंगावरून फळ्या न्यायचे. त्याला तयार केलं काकांनी, आणि काठी कधीच उचलली नाही. पिल्लू असताना, लसी पूर्ण व्हायच्या आधी, त्याला कडेवर घेऊन दारात बसायचे. हेल्मेटवाले, छत्रीवाले, डोक्यावर ओझं घेतलेले, सगळे त्याला दाखवायचे. तीन-साडेतीन महिन्यांच्या आत जे बघितलं, ते कुत्र्याला पुढे सहसा परकं वाटत नाही.

भुंकायला शिकवावं लागत नाही हो, थांबायला शिकवावं लागतं. गल्ल्यामागे गोणपाट ही बंड्याची जागा. गिऱ्हाईक आलं की दोन-तीनदा भुंकू द्यायचं. मग काका हळू आवाजात एकदाच "बस" म्हणायचे. ओरडायचे नाहीत, कारण आपण ओरडलो की त्याला वाटतं मालकही भुंकतोय. तो क्षणभर गप्प झाला की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा, तोही गोणपाटावरच. पुढे तुकड्याआधीची शांतता हळूहळू वाढवत न्यायची. गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही.

हे नाही केलं तर काय होतं? कुरिअरवाला येतो, कुत्रा भुंकतो, तो पाकीट देऊन निघून जातो. कुत्र्याला वाटतं, मीच पळवला! रोज जिंकतो, रोज चढतो. त्यात साखळी. पळायला जागा नाही, मग दात उरतात. आणि कृपा करून गुरगुरण्याबद्दल मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, चावणं नाही.

बरं, मान्य, निगरगट्ट चोर नुसत्या भुंकण्याने पळणार नाही. त्याला कुलूप आहे, कॅमेरा आहे. कुत्र्याने फक्त उठवायचं.

रागावून लिहिलं खरं, पण बऱ्याच जणांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. बंड्याकडेही लक्ष ठेवावं लागायचं. भुंकताना अंग सैल असेल तर काळजी नाही. तोंड मिटून, ताठ होऊन, टक लावून थिजला की काका लगेच गिऱ्हाइकाला मागे घ्यायचे आणि त्याला आत न्यायचे.

तुमचा मोठा कुत्रा आधीच कुणाला चावला असेल, तर कलेजीच्या भरवशावर राहू नका. दुकान उघडं असताना त्याला आतल्या खोलीत ठेवा आणि वागणुकीचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. बाहेर काढताना जाळीचं मुसकं घाला, ज्यात तोंड उघडून धापता येतं आणि पाणी पिता येतं. दोरीने तोंड बांधू नका, या उकाड्यात मरेल तो.