तीन वर्षांनंतरची किंमत: एका प्रतिक्रियेला उत्तर

*प्रतिक्रिया:* "तीन वर्षांनी तेच यंत्र त्याच किमतीला पुन्हा मिळेल, असं धरून केलेला हिशेब म्हणजे पोरखेळ आहे. ज्यांनी कधी यंत्र विकत घेतलं नाही, तेच असं लिहू शकतात. शिवाय दहा टक्के दर कुठून आणला? आणि काम चारच वर्षांचं असेल तर? वाचकांची दिशाभूल करू नका."

वेगवेगळ्या आयुष्याची दोन यंत्रं वार्षिक खर्चाच्या हिशेबाने कशी तोलायची, या माझ्या लेखावरची ही प्रतिक्रिया. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तरीही आधी तुमच्या भाषेबद्दल बोलतो, कारण ती मला खटकली आहे. गृहीतक पटलं नाही तर तसं म्हणा, त्याला माझी हरकत नाही. पण 'पोरखेळ' आणि 'दिशाभूल' हे आरोप आहेत, आणि आरोप करणाऱ्याने निदान एक आकडा तरी मांडायला हवा. तुमच्या प्रतिक्रियेत लेखातल्या दहा टक्क्यांपलीकडे पैशाचा एकही आकडा नाही.

यंत्र कधी विकत घेतलं नाही म्हणता, तर तेही सांगतो. माझी नोकरीची बहुतेक वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात गेली. विक्रेत्यांची दरपत्रकं शेजारी ठेवून तक्ते मीच करायचो आणि वरिष्ठांसमोर मांडायचो. एका खरेदीच्या वेळी कमी आयुष्याचं यंत्र निवडलं गेलं, ते केवळ एकूण खर्चाचा आकडा लहान दिसला म्हणून. तो आकडा तीन वर्षांचा आहे आणि समोरचा पाच वर्षांचा, हे मी तेव्हा लेखी दिलं होतं. पुढे तीन वर्षांनी नव्या खरेदीची फाइल माझ्याच टेबलावर आली. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातूनच ठाऊक आहे, असा समज कृपया करून घेऊ नका.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो. प्रतिक्रियेत खरा मुद्दा तेवढाच आहे.

लेखातलीच दोन यंत्रं घेऊ. पहिलं १० लाखांचं, तीन वर्षं चालणारं, चालवण्याचा खर्च वर्षाला २ लाख. दुसरं १५ लाखांचं, पाच वर्षं चालणारं, खर्च वर्षाला दीड लाख. दोन्ही काम तेवढंच करतात आणि शेवटी दोन्हींची भंगार किंमत शून्य धरली आहे. दहा टक्के दराने आजच्या मूल्यात पहिल्याचा एकूण खर्च १४.९७ लाख येतो आणि दुसऱ्याचा २०.६९ लाख. या रकमा समोरासमोर ठेवता येत नाहीत, कारण पहिली तीन वर्षांची सोय विकत घेते आणि दुसरी पाच. म्हणून प्रत्येक रकमेला तिच्या मुदतीच्या वार्षिकी गुणकाने, म्हणजे तितकी वर्षं दरवर्षी एक रुपया दिला तर त्याचं आजचं मूल्य जेवढं होतं त्याने, भागायचं. तीन वर्षांचा गुणक २.४८७ आहे, पाचांचा ३.७९१. पहिल्याचा समतुल्य वार्षिक खर्च ६.०२ लाख निघतो, दुसऱ्याचा ५.४६ लाख. दुसरं यंत्र वर्षाला सुमारे ५६ हजारांनी स्वस्त पडतं.

यात पुनर्खरेदीचं गृहीतक आहेच. ते मी लपवलेलं नाही, लेखात एक पूर्ण परिच्छेद त्यावर आहे. तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न असा: किंमत किती उतरली तर निर्णय फिरेल? तो तुम्ही विचारला नाहीत, म्हणून मीच सोडवून दाखवतो.

समजा, तीन वर्षांनी बाजारात नवं, स्वस्त यंत्र आलं. पहिलं यंत्र घेणारा ते चौथ्या वर्षापासून वापरेल. दुसरं घेणाऱ्याचं यंत्र अजून दोन वर्षं चालणार आहे, म्हणून तो त्याकडे सहाव्या वर्षी वळेल. सहाव्या वर्षापासून दोघांकडे तेच नवं यंत्र, म्हणजे तिथून पुढे दोघांच्या खर्चात फरक नाही. सगळा वाद चौथ्या आणि पाचव्या, या दोनच वर्षांचा उरतो. आजच्या मूल्यात दोन्ही पर्यायांमध्ये ५.७१ लाखांचं अंतर आहे. चौथ्या आणि पाचव्या वर्षाच्या प्रत्येकी एका रुपयाचं आजचं मूल्य मिळून १.३०४ रुपये होतं. ५.७१ ला त्याने भागलं की ४.३८ लाख येतात. नव्या यंत्राचा वार्षिक खर्च याच्या खाली गेला तरच पहिलं यंत्र निवडणं शहाणपणाचं ठरेल.

हा उतार केवढा आहे ते पाहा. ६.०२ वरून ४.३८ म्हणजे तीन वर्षांत सत्तावीस टक्के घट. चालवण्याचा खर्च २ लाखच राहिला, तर आज १० लाखांना मिळणारं यंत्र ५.९२ लाखांना मिळालं पाहिजे. आणि नवं काहीच आलं नाही, तर तीन वर्षांनी पहिलं यंत्र घेणारा दुसऱ्या प्रकारचं यंत्र घेईल. तरीही त्याला वर्षाला ५.४६ लाख पडतात, ४.३८ नव्हे.

काही यंत्रांच्या किमती खरोखर इतक्या कोसळतात. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांबाबत मी हा धोका गांभीर्याने घेईन. पंप, कॉम्प्रेसर, लेथ यांच्याबाबत असा उतार धरायचा असेल तर त्यासाठी पुरावा हवा. विक्रेत्याकडून त्याच क्षमतेच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांच्या किमती मागवा आणि त्यांचा उतार ४१ टक्क्यांच्या जवळपास जातो का ते बघा. गृहीतक तपासायचं ते असं. त्याला नावं ठेवल्याने हिशेब बदलत नाही.

जास्त आयुष्याचं यंत्र घेणारा अडकून पडतो, असंही तुमच्या म्हणण्यातून ध्वनित होतं. तेही अर्धंच खरं आहे. तीन वर्षांनी त्याने भरलेले १५ लाख गेलेले असतात, त्यांचा पुढच्या निर्णयाशी संबंध नाही. त्याच्यापुढे वर्षाला दीड लाखाचाच खर्च आहे. नवं यंत्र वर्षाला दीड लाखापेक्षाही स्वस्त पडलं तरच तो जुनं वेळेआधी काढेल.

दराबद्दलचा एक मुद्दा मात्र मान्य करतो. दहा टक्के हा महागाई वगळलेला दर आहे, हे लेखात स्पष्ट लिहिलं असतं तर बरं झालं असतं. आकडे आजच्या किमतींतले असतील तर दरही तसाच लागतो. पाच टक्के महागाई धरून १५.५ टक्के दर लावला आणि किमती आजच्याच ठेवल्या, तर ५६ हजारांचं अंतर ३९ हजारांवर येतं आणि दीर्घायुषी यंत्रावर नाहक अन्याय होतो. आकडे इतके जवळ असतील तिथे अशा गफलतीने क्रम उलटूही शकतो. पण तुम्ही हे विचारलं नव्हतं. तुम्ही दर 'आणला' कुठून, असं विचारलंत, जणू मी तो खिशातून काढला. तो भांडवलाचा खर्च असतो आणि ज्याच्या त्याच्या व्यवसायाचा वेगळा असतो. उदाहरणात एक आकडा घ्यावाच लागतो.

चार वर्षांच्या कामाचं म्हणाल, तर तिथे ही पद्धत लावायचीच नसते. चार वर्षांचा सरळ तक्ता करायचा, पहिल्यात चौथ्या वर्षाची तात्पुरती सोय धरायची आणि दुसऱ्याची चौथ्या वर्षाअखेरची पुनर्विक्री किंमत वजा करायची. लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात 'काम कायम चालू राहणार आहे' असं लिहिलेलं आहे. तुम्ही तो वाचला असता, तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.