खड्ड्याची तारीख

"काका, खड्ड्यात टायर गेला, रिमही वाकली. रस्तेवाल्यांना पत्र लिहितोय, भरपाई आणि दुरुस्ती दोन्ही मागतोय. तुमच्याकडे कसं लिहितात?"

मी काही लिहायच्या आत घरच्या ग्रुपवर दादा हजर: "पत्र लिहून काय होतंय? त्याच्या इंग्लंडात नुसतं कळवलं की चेक घरी येतो." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या डाव्या टायरला बाजूने फुगा आला. आतले दोरे तुटले की असा फुगा येतो. पंक्चरवाल्याकडे त्यावर इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. रिम वाकल्याचं तर दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग थरथरू लागल्यावर कळलं. खड्ड्यात फूटपट्टी धरून फोटो काढले, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहिला, बिलं जोडली. इथले रस्ते सांभाळणाऱ्या कौन्सिलचं उत्तर साखरेत घोळलेलं आलं: तीन आठवड्यांपूर्वी तपासणी झाली, तेव्हा तिथे बुजवण्याजोगा खड्डा नव्हता, नंतर कुणाची तक्रारही नाही, सबब १९८० च्या हायवेज ॲक्टमधल्या कलम ५८ नुसार आम्ही जबाबदार नाही. एक पेनी मिळाली नाही.

म्हणून राजा, आधी रस्ता कुणाचा ते शोध: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा. चुकीच्या दारात पत्र टाकलंस तर ते तिथेच झोपेल. मग दोन पत्रं कर. खड्डा बुजवा एवढंच सांगणारं आज पाठव आणि पोच घे. भरपाईचं नंतर. त्याआधी माहिती अधिकारात विचार, तुझ्या अपघातापूर्वी त्या जागेची तक्रार किंवा पाहणी कधी झाली होती. खड्डा ठाऊक असून ठेवला, हे दाखवता आलं तरच तुझ्या मागणीत जीव आहे. आणि जुना टायर दुकानात सोडून येऊ नकोस. तो आधीच झिजला होता, असं म्हणायला कुणीतरी बसलेलंच असतं.

वहिनी म्हणाल्या, विमा आहे की. आहे, पण नुसता टायर गेला तर बहुतेक पॉलिस्या हात वर करतात. दादांनी मग उच्च न्यायालय काढलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई ठरवली हे खरं, पण ती खड्ड्याने जीव गेला तर ६ लाख आणि इजा झाली तर ५० हजार ते अडीच लाख. टायरचं त्यात काही नाही. दादांना हे पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही. तो खड्डा मी महिनाभर रोज चुकवत होतो. कळवायला दोन मिनिटं लागली असती, आणि "तक्रार नाही" हे वाक्य त्यांना लिहिता आलं नसतं. पण यांचा रस्ता, हे बघतील, असंच वाटत राहिलं. आमच्या गल्लीत असतो तर निदान खड्ड्यात एक फांदी रोवली असती.