खुलासा: पार्क झालेले कोअर आणि गेममधले झटके

“विंडोजमध्ये कोअर पार्किंग बंद करा, सगळे कोअर जागे ठेवा, गेममधले झटके कायमचे जातील.”

सगळ्यांना लागू नाही हे. रायझन ७९५०एक्स३डी हा प्रोसेसर घ्या, १६ कोअर दोन चिपलेटमध्ये, म्हणजे चिपच्या दोन वेगळ्या तुकड्यांत, पण जादा कॅश फक्त ८ कोअरच्या एकाच चिपलेटवर, म्हणून गेम चालू असताना चिपसेट ड्रायव्हर दुसरं चिपलेट मुद्दाम पार्क करतो, म्हणजे झोपवून ठेवतो, नाहीतर गेमचे थ्रेड इकडून तिकडे उड्या मारतात आणि तेव्हाच झटके बसतात. विंडोजचा हाय परफॉर्मन्स पॉवर प्लॅन लावला तरी हीच बोंब, पार्किंग होतच नाही.

गेम चालू ठेवून resmon, म्हणजे विंडोजचा रिसोर्स मॉनिटर, उघडा, CPU टॅबमध्ये उजवीकडच्या ग्राफवर अर्ध्या थ्रेडसमोर Parked दिसलं तर सगळं ठीक आहे. नसेल दिसत तर आधी प्लॅन बॅलन्स्डवर आणा:

```
powercfg /setactive SCHEME_BALANCED
```

मग चिपसेट ड्रायव्हर नवा टाका, आणि विंडोजच्या गेम बारमध्ये तुमचा गेम हा गेम म्हणून ओळखला जातोय का बघा, हे बरेच जण विसरतात.

५६००सारखा एकाच चिपलेटचा प्रोसेसर असेल तर पार्किंग बंद करून बघायला हरकत नाही. बायोसमधले सी-स्टेट, म्हणजे कोअरला झोपू देणारी सेटिंग, मात्र उगाच बंद करू नका, रिकामे कोअर झोपले की वाचलेली पॉवर बाकीच्यांच्या बूस्टला मिळते.