श्रावण पाळला म्हणून निदान टळत नाही

"दारूचं व्यसन ठरवायला डॉक्टर नुसती लक्षणं मोजतात, दोन निघाली की माणूस दारुडा. 'सौम्य' लिहिलं असेल तर काही नाही, घरीच एकदम बंद करायची. आणि जो श्रावण पाळतो, नोकरी सांभाळतो, त्याला व्यसन नसतंच."

हा मजकूर आत्याने मला पाठवला, तोही आतोबांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायच्या आदल्या संध्याकाळी, आणि खाली विचारले, "मग जायचं कशाला?" म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे.

मोजणी होते, एवढे मान्य. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत अकरा निकष आहेत आणि त्यांतले किमान दोन जुळावे लागतात. ही अट फार सैल आहे अशी टीका जाणकारांनीही केली आहे आणि ती मला अगदीच निराधार वाटत नाही. परंतु पिण्यामुळे त्या व्यक्तीला दखल घेण्याजोगा त्रास होतो आहे किंवा तिच्या जगण्यात बिघाड झाला आहे, हे दिसल्याशिवाय निकषांच्या संख्येला अर्थ नसतो, आणि ते निकष एकाच बारा महिन्यांच्या काळातले असावे लागतात. दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच जुळले तर मध्यम, सहा किंवा अधिक जुळले तर तीव्र. रोज किती पेग, हा आकडा या अकरांत कुठेही नाही.

नोकरीचा मुद्दा एका कल्पित उदाहरणावरून तपासू. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आहेत, कचेरीत कधीही खाडा नाही. संध्याकाळी नाइन्टी घेऊन उठायचे ठरवून बसतात आणि क्वार्टर संपवूनच उठतात, हा एक निकष. पूर्वी नाइन्टीत जे वाटायचे त्याला आता क्वार्टर लागते, हा दुसरा. बारमधून दुचाकी चालवत घरी येतात आणि हे नेहमीचेच आहे, हा तिसरा. यावरून घरात सतत भांडणे होतात, तरी पिणे चालूच, हा चौथा. यकृताला सूज आहे आणि ती दारूमुळेच आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावरही थांबले नाहीत, हा पाचवा. कामावरची जबाबदारी न पेलणे हा निकष त्यांना लागू होत नाही, तरीही ते मध्यम गटात आले आहेत.

आता श्रावण. गटारी झाल्यावर ते खरोखरच थांबतात. डॉक्टरांनी नीट विचारले तेव्हा कळले की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, आणि घरचे त्याला उपासाचा अशक्तपणा समजतात. ही दारू तुटल्यावरची लक्षणे आहेत, म्हणजे सहावा निकष, आणि गृहस्थ तीव्र गटात जातात. ज्या महिन्याचा दाखला व्यसन नसल्याचा म्हणून दिला जातो, त्याच महिन्याने मोजणी वाढवली. 'महिनाभर सोडता येते ना?' एवढ्याच प्रश्नावर चौकशी थांबली असती तर हा निकष निसटला असता.

मजकुरातला सर्वांत घातक भाग मात्र घरीच एकदम बंद करण्याचा सल्ला आहे. निकष सगळे सारख्याच वजनाचे मोजले जातात, त्यामुळे ज्या माणसात तेवढ्याच परिणामासाठी जास्त दारू लागणे आणि दारू तुटल्यावर त्रास होणे हे दोनच निकष जुळतात, त्याच्या कागदावर सौम्य असेच लिहिले जाईल. परंतु अनेक महिने रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिटचा झटका येऊ शकतो, आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप चढणे असा प्रकार सुरू होऊ शकतो, ज्यात उपचारांअभावी जीवही जातो. सौम्य, मध्यम, तीव्र ही निकषांची संख्या आहे. थांबताना किती धोका आहे याचे ते माप नाही. म्हणून डॉक्टर ही संख्या काढूनही वेगळे विचारतात की शेवटचा घोट कधी घेतला, यापूर्वी सोडताना काय झाले, झटका आला होता का. उत्तरे काळजीची असतील तर औषधांच्या आधाराने, थायमिन हे जीवनसत्त्व देऊन, देखरेखीखाली दारू थांबवली जाते.

आपल्याकडे बरेच डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार निदान लिहितात. त्याच्या दहाव्या आवृत्तीत अवलंबित्वासाठी सहापैकी तीन लक्षणे लागतात, त्यामुळे कागदावर 'सौम्य' किंवा 'मध्यम' हे शब्द नसतील तर गोंधळून जाऊ नये.

राहिला श्रावणाने निदान पुसले जाण्याचा प्रश्न. डीएसएम-५ नुसार, आधी निदान झालेल्या व्यक्तीत तलफ वगळता एकही निकष किमान तीन महिने दिसला नाही, तरच त्याला सुरुवातीची सुधारणा म्हणतात, आणि टिकाऊ सुधारणेसाठी तो काळ बारा महिने किंवा अधिक असावा लागतो. उद्याची वेळ ठरलेलीच राहू दे, आत्या. आणि गेल्या श्रावणात आतोबांचे हात कापत होते का, हे डॉक्टरांना आधी सांग.