त्या अकरा जणांना मी काढणार नाही

"मॅडम, ज्यांनी व्यायाम केलाच नाही त्यांना व्यायामाच्या गटात कशाला मोजायचं? काढून टाका ना."

आज सकाळी साडेअकराला हे वाक्य पुन्हा ऐकलं आणि तेव्हापासून डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही. कंबरदुखीवरचा थिसिस आहे, त्यातला आकडेवारीचा हिशोब माझ्याकडे. एका गटाला बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. व्यायामाच्या गटातल्या अकरा जणांनी मध्येच येणं थांबवलं. उपचारांत फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी व्हॅल्यू, आणि ती ०.०५ च्या खाली असली की फायदा झाला असं लिहायची पद्धत. सगळ्यांना धरून हिशोब केला तर ती ०.०५ च्या वर जाते, अकरा जण वगळले की खाली येते. गाइडनी माझा रिपोर्ट एकदा चाळला, तो पी व्हॅल्यूचा आकडा शोधला आणि वरचं वाक्य बोलले. रेसिडेंटने तर लॅपटॉप उघडून मला दाखवलं की अकरा ओळी उडवलेली फाइल कालच तयार आहे. नाव data_final_PP.xlsx. म्हणजे निर्णय आधीच झाला होता, मला फक्त सही करायला बोलावलं होतं.

मी विचारलं, हे अकरा जण का थांबले? कुणाला सांगता येईना. मग फॉलोअपच्या फोनची वही मागवली. त्या वहीत रेसिडेंटच्याच अक्षरात अकरापैकी सात जणांपुढे लिहिलंय, "दुखणं वाढलं म्हणून बंद केलं." सात जण! व्यायामाने ज्यांची कंबर जास्त दुखायला लागली तेच बाहेर पडले, आणि व्यायामाचा फायदा मोजताना नेमके तेच आम्हाला नको आहेत. शिवाय या अकराही जणांनी बाराव्या आठवड्याला ओपीडीत येऊन वेदनेचा स्कोर दिलाय. माहिती हातात आहे. ती असताना पुसायची आहे.

आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातून किती काढले? शून्य. तिथे सोडून जाण्यासारखं काही नव्हतंच, मग सोडणार कोण आणि काय? एका गटातून त्रासलेले लोक वेचून बाहेर टाकले, दुसऱ्या गटातले त्रासलेले तसेच ठेवले, आणि मग दोन सरासऱ्या शेजारी मांडल्या. रँडमायझेशनसाठी, म्हणजे कोण कोणत्या गटात ते चिठ्ठीने ठरावं म्हणून, सीलबंद लिफाफे केले, एथिक्स कमिटीपुढे तीनदा गेलो, ते कशासाठी? दोन्ही गट सुरुवातीला सारखे असावेत म्हणून. त्यांचा सारखेपणा लिफाफा उघडतो त्या क्षणाचा आहे. त्यानंतर माणसाने काय केलं यावरून त्याला गटातून हलवलं की सारखेपणा गेला. मग उरतं ते साधं निरीक्षण, वर लेबल मात्र ट्रायलचं.

मीटिंगमध्ये मी युरोपियन कोरोनरी सर्जरी स्टडीचं नाव घेतलं. कुणी ऐकून घेतलं नाही, चहा आला. म्हणून इथे पूर्ण लिहिते.

१९७९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली ट्रायल. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, असलेले ७६८ पुरुष. ३९५ जणांच्या वाट्याला बायपास, ३७३ जणांच्या वाट्याला औषधोपचार. ३९५ पैकी २६ जणांची शस्त्रक्रिया झालीच नाही. औषधांच्या ३७३ पैकी ५० जणांची मात्र झाली. आता दोन वर्षांतले मृत्यू मोजा.

वाट्याला जे आलं त्याप्रमाणे मोजलं, म्हणजे इंटेन्शन-टू-ट्रीट, थोडक्यात आयटीटी, तर बायपासच्या गटात २१ मृत्यू, ५.३ टक्के. औषधांच्या गटात २९, म्हणजे ७.८ टक्के. पी ०.१७. या आकड्यांवरून बायपासने जीव वाचतो असं म्हणता येत नाही.

आता वाट्याला आलेलंच ज्यांनी घेतलं तेवढेच ठेवा, म्हणजे पर-प्रोटोकॉल. बायपासचे ३६९, त्यांत १५ मृत्यू, ४.१ टक्के. औषधांचे ३२३, त्यांत २७ मृत्यू, ८.४ टक्के. पी ०.०२. बायपास जिंकला. आणि कुणाच्या वाट्याला काय होतं ते विसरून, ज्याने जे घेतलं त्यावरूनच दोन ढीग केले, तर ४.१ विरुद्ध ९.५ टक्के, पी ०.००३. माणसं तीच, मृत्यू तेच पन्नास, एकही नवीन रुग्ण नाही आणि एकही नवीन तपासणी नाही. कोण कुठे मोजायचा एवढंच बदललं आणि निष्कर्ष उलटला.

कशामुळे उलटला ते बघा. शस्त्रक्रिया न झालेल्या त्या २६ जणांपैकी ६ मेले. जवळजवळ चौथा हिस्सा. बायपास ठरला आणि तो होण्याआधीच माणूस गेला, तर पर-प्रोटोकॉलमध्ये तो मृत्यू कुठेच दिसत नाही. घेतलेल्या उपचाराप्रमाणे मोजलं तर आणखी वाईट, कारण तो मृत्यू औषधांच्या खात्यात पडतो. दुसऱ्या बाजूला, औषधांवरून शस्त्रक्रियेकडे गेलेल्या ५० जणांत फक्त २ मृत्यू. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायचं तर तोवर जिवंत राहावं लागतं आणि सर्जनने भूल देण्याइतका धड समजावं लागतं. म्हणजे जगण्याची शक्यता जास्त असलेले लोक एका ढिगात आपोआप जमा होतात. त्यात ना बायपासचं कर्तृत्व, ना गोळ्यांचा दोष.

घरातल्या कुणाची बायपास करू का असं नातेवाईक विचारतात तेव्हा असाच एखादा आकडा समोर धरला जातो. कुठल्या पद्धतीने काढलाय ते सांगायला कुणाला वेळ नसतो. मला याचाच संताप येतो.

मग नेहमीचा युक्तिवाद येतो, आजही आला. "पण औषध न घेणाऱ्याला औषधाचा फायदा कसा होईल? कॉमन सेन्स आहे, मॅडम." या कॉमन सेन्सला उत्तर देणारा कोरोनरी ड्रग प्रोजेक्टचा पेपर १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'ने छापलाय. हार्ट अटॅक येऊन गेलेले पुरुष, एका गटाला क्लोफायब्रेट हे रक्तातली चरबी कमी करणारं औषध, एका गटाला प्लासिबो. पाच वर्षांतले मृत्यू २०.० विरुद्ध २०.९ टक्के. फरक नाही. मग क्लोफायब्रेटच्या गटात गोळ्या नीट घेणारे, म्हणजे ८० टक्के किंवा जास्त डोस घेणारे, वेगळे काढले. त्यांच्यात मृत्यू १५.० टक्के, चुकवणाऱ्यांत २४.६. इथवर पाहिलं असतं तर आमच्या गाइडनी पेढे वाटले असते. पण त्या पेपरच्या संशोधकांनी हाच हिशोब प्लासिबोच्या गटातही केला. नीट घेणाऱ्यांत १५.१ टक्के, चुकवणाऱ्यांत २८.३.

प्लासिबोची गोळी! जिच्यात औषधच नाही, ती वेळेवर घेणाऱ्यांचे मृत्यू चुकवणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे. वेळेवर गोळी घेणारा माणूस मुळातच वेगळा असतो. तो बहुधा कमी आजारी असतो, डॉक्टरांकडे वेळेवर जातो, घरी आठवण करणारं कुणीतरी असतं. त्यांनी सुरुवातीच्या ४० गोष्टी हिशोबात धरून पाहिल्या, वय आणि हृदयाची अवस्था वगैरे. तरीही प्लासिबोत १६.४ विरुद्ध २५.८ उरले. म्हणून "आम्ही बेसलाइनसाठी अ‍ॅडजस्ट करतो" हे वाक्य कुणी माझ्यासमोर इतक्या सहज टाकलं की मला राग येतो. चाळीस गोष्टींनीही जो फरक गेला नाही, तो तुमच्या वय, लिंग आणि बीएमआयने जाणार आहे?

आता जुना रागही निघतोच आहे तर मॉडिफाइड इंटेन्शन-टू-ट्रीट. हे नाव ऐकलं की पेपर खाली ठेवावासा वाटतो. मॉडिफाइड म्हणजे नक्की काय, ते प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो. कुणी पहिला डोस न घेतलेले वगळतो, कुणी एकही फॉलोअप न दिलेले वगळतो. डबल-ब्लाइंड ट्रायलमध्ये पहिल्या डोसआधीच गेलेला माणूस वगळला तर ते मला पटतं, कारण आपण कोणत्या गटात आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं. पण व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांत गट सगळ्यांना दिसतो. तिथे हा शब्द कशाला? आणि अर्ध्या लोकांचा शेवटचा स्कोर गायब असताना आधीचाच स्कोर पुढे ओढून "आम्ही आयटीटी केलं" असं लिहिणारेही तितकेच दोषी आहेत. माणसाला गटात ठेवलं पण त्याचं काय झालं ते शोधलं नाही, तर नुसत्या नावाला काय अर्थ?

पर-प्रोटोकॉलशी माझं वैर नाही, हेही आज ओरडून सांगितलं. नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल असती, म्हणजे नवं औषध जुन्याहून फार वाईट नाही एवढंच दाखवायचं असतं, तर मीच ते मागितलं असतं. तिथे लोकांनी उपचार सोडले की दोन्ही गट एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि सारखे दिसणं हाच तर तिथे विजय असतो. ढिसाळ ट्रायलला आयटीटीमध्ये आयतं यश मिळतं. म्हणून तिथे दोन्ही हिशोब हवेत, आणि दोन्हींनी एकच सांगायला हवं. आमच्या थिसिसचा प्रश्न तो नाही. आमचा प्रश्न आहे की कंबरदुखीच्या पेशंटला हा व्यायाम लिहून दिला तर त्याचं भलं होईल का. लिहून दिल्यावर काही जण तो सोडणार, काहींची कंबर जास्त दुखणार, हे सगळं त्या प्रश्नाच्या आतलंच आहे.

आणि सगळ्यांत संतापाची गोष्ट म्हणजे आमच्या प्रोटोकॉलमध्ये, पान नऊवर, "मुख्य विश्लेषण इंटेन्शन-टू-ट्रीट" असं छापलंय. खाली गाइडचीच सही आहे. सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी करण्याआधी मीच तो परिच्छेद लिहून दिला होता. आज तो वाचून दाखवला तर उत्तर आलं, "तेव्हा डेटा आला नव्हता ना." अहो, डेटा आला नव्हता म्हणूनच तर तेव्हा ठरवायचं असतं!

रेसिडेंटचा आत्ता मेसेज आलाय. "मॅडम, सर म्हणतायत पर-प्रोटोकॉल मेन टेबलमध्ये आणि आयटीटी अपेंडिक्समध्ये टाकूया का?" मी उत्तरात पान नऊचा फोटो पाठवलाय आणि त्याखाली फोनच्या वहीच्या पानाचा, ते सात शेरे दिसतील असा. उलटं करा म्हणून लिहिलंय, आणि अकरा जण का थांबले ते मेन टेबलच्या खालीच लिहा. तसं नको असेल तर थिसिसवर माझं नाव घालू नका.