कलरब्लाइंड मोड म्हणजे फिल्टर? कोणी सांगितलं?

“कलरब्लाइंड मोड म्हणजे शेवटच्या आठवड्यात स्क्रीनवर चढवायचा एक फिल्टर, बस. बटणं बदलायची सोय दिली की डिझाइन बिघडतं. सबटायटल्स फक्त बहिऱ्यांसाठी. हे सगळे मोठ्या स्टुडिओंचे चोचले, इंडीवाल्यांनी नादी लागू नये.”

हा फॉरवर्ड भाच्याच्या ग्रुपवर आला आणि पठ्ठ्याने कॉलेज प्रोजेक्टमधला सेटिंग्जचा अर्धा मेनू उडवून टाकला. वर मलाच ऐकवतो, “मामा, इंडस्ट्रीत असंच करतात.” म्हणून हे लिहितोय.

आधी फिल्टर, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. भाच्याच्या गेममध्ये जमिनीवर एकाच मापाचे दोन गोल पडलेले असतात. लाल विष, हिरवं औषध. रंगांचे कोड #E53935 आणि #43A047. नेहमीच्या नजरेला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो, पण उजेडाच्या हिशेबाने या दोघांमधला कॉन्ट्रास्ट जेमतेम १.३ भरतो. काहीच फरक नसेल तर १, काळ्या-पांढऱ्यात २१. म्हणजे रंगछटा काढून घेतली की दोन्ही गोल जवळजवळ सारखेच राखाडी दिसतात. ज्याला लाल-हिरवा ओळखायला जड जातं, तो औषध समजून विष उचलणार आणि गेमला शिव्या घालणार.

त्यावर भाच्याने काय केलं? नेटवरून रंग बदलणाऱ्या आकड्यांचं एक मॅट्रिक्स उचललं आणि शेडरमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचे रंग ठरवणाऱ्या कोडमध्ये, टाकलं. ते निघालं सिम्युलेशनचं, म्हणजे कलरब्लाइंड माणसाला कसं दिसतं ते बाकीच्यांना दाखवणारं. टेस्टिंगला ते उपयोगी आहे, पण ज्याला मुळात फरक दिसत नाही त्याला ते लावून काय वेगळं दिसणार? हा घोळ नवा नाही, लोकांनी अशी मॅट्रिक्स ‘मोड’ म्हणून विकायलाही काढली आहेत. रंग खरोखर सरकवणारे फिल्टरही असतात, नाही असं नाही. पण ते विषाबरोबर आभाळ, माणसांचे चेहरे, मेनू सगळंच रंगवून काढतात, आणि लाल-हिरव्यातला फरक निळ्यात ढकलला की आधीच निळ्या असलेल्या वस्तूंशी नवी गल्लत होते.

उपाय कंटाळवाणा आहे. विषाला टोकदार त्रिकोण, औषधाला गोलात अधिकचं चिन्ह. मग रंग निळा #0072B2 आणि नारिंगी #E69F00. यांचा कॉन्ट्रास्ट २.३ च्या आसपास येतो, म्हणजे नुसत्या रंगावर तरीही भिस्त ठेवायची नाही. आकार वेगळे असतील तर मोडची गरजच उरत नाही. तपासायला स्क्रीनशॉट ग्रेस्केल करून बघा, पण त्यालाही मर्यादा आहे. रंगांधळेपणाच्या प्रोटॅन प्रकारात लाल रंग अंधूकही दिसतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद लाल शत्रू ग्रेस्केलमध्ये ठीक वाटतो आणि त्या खेळाडूला गायब झालेला असतो. तिथे मात्र सिम्युलेटरच लागतो.

“असे असतात तरी किती?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एक. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे, एवढं कबूल. पण गेम स्टीमवर, म्हणजे जगभरासाठी, टाकणार ना?

बटणांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. काम वाढतं. ‘E दाबा’ हे चित्रातच रंगवून ठेवलं असेल तर बटणं बदलल्यावर ट्युटोरियल खोटं बोलायला लागतं. मजकूर चालू बाइंडिंगमधून, म्हणजे त्या घडीला कुठल्या कामाला कुठली की लावलीय त्यातून, उचलावा लागतो, गोदो या गेम इंजिनमध्ये `InputMap.action_get_events("dash")` मधून. एकच की दोन कामांना लागली तर अदलाबदल करायची का ते विचारावं लागतं, आणि मेनूतून बाहेर पडायची की कोणाला काढून टाकता येऊ नये, नाहीतर खेळाडू आतच अडकतो. पण यात डिझाइन कुठे बिघडलं? उडी तेवढीच उंच जाते. आणि नुसती बटणं बदलून भागत नाही. धावण्यासाठी की दाबून धरावी लागत असेल तर ‘एकदा दाबा, चालू, पुन्हा दाबा, बंद’ हा पर्यायही द्या. ज्याचा अंगठा दुखतो त्याला कुठलीही की धरून ठेवणं जडच जातं.

सबटायटल्सचं उत्तर युबिसॉफ्टने आकड्यांतच दिलंय. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’मध्ये सबटायटल्स मुळात बंद होती, तरी ६० टक्क्यांहून जास्त खेळाडूंनी स्वतः जाऊन ती लावली. ‘ओडिसी’मध्ये सुरुवातीपासून चालू ठेवली, तर सुमारे ९५ टक्क्यांनी तशीच राहू दिली. हे सगळे बहिरे होते का? रात्री आवाज बंद करून खेळणारे, परकी इंग्रजी ऐकून गोंधळणारे, सगळे त्यात आले.

फक्त वाचता येतील अशी द्या. मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शक तत्त्वं १०८० पी वर मजकूर कन्सोलसाठी किमान २६ पिक्सेल आणि पीसीसाठी १८ पिक्सेल सांगतात. मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी, बोलणाऱ्याचं नाव, एका वेळी दोनच ओळी. मराठी सबटायटल्स टाकणार असाल तर ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढतात. आणि गोदो ३ वर असाल तर आधी ४ वर या, ३ मध्ये जोडाक्षरं मोडून पडतात.